कदाचित दूध

निर्यातसाहेबांनी ते काम माझ्याकडे सोपवलं तेव्हा त्याला काम म्हणायलाही ते तयार नव्हते. टेबलावर दोन कागद सरकवत म्हणाले, वहिनींना सांगा, जरा नजर फिरवा आणि खाली सही करा. चहा गार व्हायच्या आत होईल.

मी बिस्किटांच्या कारखान्यात लेबलांचं काम बघते. वेष्टनावर काय छापायचं, कुठे छापायचं, केवढ्या अक्षरात छापायचं, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. छपाईला जाणाऱ्या प्रत्येक नमुन्यावर शेवटची सही माझी. सतरा वर्षं झाली. लोक बिस्किटाची चव लक्षात ठेवतात, मला पाकिटाची मागची बाजू आठवते.

त्या वर्षी आमचं काजू-क्रीमचं बिस्किट पहिल्यांदाच थायलंडला जाणार होतं. तिकडच्या आयातदाराने कळवलं होतं की लेबल थाई भाषेत हवं, तिकडच्या नियमांप्रमाणे हवं आणि भाषांतर कोणी केलं त्याचं नाव-सहीचं पत्र सोबत हवं. साहेबांनी कुठल्याशा एजन्सीकडून एका दिवसात भाषांतर करून आणलं. सहीला माणूस हवा होता. आणि माझी वहिनी थाई होती.

दादा तरुणपणी तिकडे एका गोदामात नोकरीला होता. येताना तिला घेऊन आला. ती तिकडे एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. कोणाच्या ताटात मीठ नको, कोणाच्या ताटात अंडं नको, याच्या चिठ्ठ्या लिहून ताटांवर लावायचं काम तिचं. लग्नानंतर ती मराठी शिकली ती आमच्या आईकडून, म्हणजे निम्मी म्हणींमधून आणि निम्मी टोमण्यांमधून. आता आईसुद्धा म्हणत नाही ते शब्द तिच्या तोंडी असतात. मला ती ‘वन्सं’ म्हणते. सगळ्या आळीत नणंदेला वन्सं म्हणणारी बाई एकच, आणि ती परदेशातली. दोघी मुली शाळेला गेल्या की ती घरी बसून भाषांतरं करायची. औषधांची पत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका, असलं रुक्ष काम. पण ते ती तांदूळ निवडावे तसं करायची.

मी कागद घेऊन गेले तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. पहिल्या दोन ओळी वाचून हसली. तिसरीला हसू थांबलं.

“हे माणसाने नाही लिहिलं, वन्सं,” ती म्हणाली. “यंत्राने लिहिलंय आणि माणसाने फक्त पाठवलंय.”

मग तिने मला एकेक दाखवलं. मला थाई येत नाही, पण तिच्या मुलींबरोबर बसून मी पाच-पंचवीस अक्षरं आणि तेवढेच शब्द शिकले होते. आमच्या मूळ लेबलावर ‘गहू, सोया आणि नट्स आहेत’ असं होतं. यंत्राने नट्सचं ‘थुआ’ केलं होतं. वहिनी म्हणाली, थुआ म्हणजे काय विचारलंस तर मी सांगूच शकणार नाही. शेंगदाणा थुआ, सोयाबीन थुआ, वाटाणा थुआ, बदामसुद्धा कधी थुआ. आणि गंमत म्हणजे काजू तेवढा थुआ नाही. काजूला तिकडे म्हणतात मेत् मामुआंग हिम्मफान. म्हणजे हिमवनातल्या आंब्याची बी. ज्याला काजू सोसत नाही तो पाकिटावर तोच शब्द शोधणार. त्याला नुसतं ‘थुआ’ दिसलं तर तो शेंगदाणा समजून खाईल. ज्याला शेंगदाणा सोसत नाही तो उगाच परत ठेवेल. एका शब्दाने दोघांनाही फसवलं.

पुढे सोयाबीन. त्याला थुआ-लुअंग म्हणतात, पिवळा थुआ. थाई लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. त्यामुळे शब्द कुठे संपतो ते ज्याला भाषा येते त्यालाच कळतं. आमच्या डिझायनरच्या संगणकाला ते कळत नव्हतं. त्याने ओळ मोडली ती नेमकी शब्दाच्या मध्ये. एका ओळीच्या शेवटी ‘थुआ’ राहिला आणि पुढची ओळ ‘पिवळा’ने सुरू झाली. अ‍ॅलर्जीच्या सूचनेला तिकडे ठरलेलं शीर्षक असतं, ‘अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी माहिती’ अशा अर्थाचं. ते सोडून यंत्राने मनाने काहीतरी शीर्षक केलं होतं. शिवाय ती सूचना घटकांच्या यादीच्या लगेच खाली हवी, यादीच्या अक्षरांपेक्षा बारीक नको, मागच्या रंगात विरघळणारी नको. आमची सूचना पाकिटाच्या दुमडीत जाऊन बसली होती.

“सही नाही करायची का?” मी विचारलं.

“करीन की. आधी लेबल तरी होऊ दे.”

तिने सगळं नव्याने लिहायला घेतलं आणि एका जागी अडली. तिकडच्या नियमाने मुख्य घटकांपुढे त्यांचं वजनाचं प्रमाण लिहावं लागतं, शेकडा किती ते, जास्तीपासून कमीकडे. आमच्या मूळ लेबलावर फक्त नावं होती. ‘इमल्सिफायर ३२२’ असंही होतं. ती म्हणाली, आकड्यावरून मला काय कळणार? हा पदार्थ सोयापासून काढलाय की आणखी कशापासून? मला पाककृतीचा कागद आणून दे.

मी साहेबांकडे मागितला. त्यांच्या कपाळावर आठी आली. भाषांतर करणाऱ्या बाईला पाककृती कशाला, म्हणाले. मग आयातदाराचं पत्र काढून पाहिलं, त्यात प्रमाणं हवीत असं लिहिलेलंच होतं. त्यांनी नाइलाजाने लॅबला फोन केला.

आमच्या लॅबमध्ये एक बाई आहे, कमी बोलणारी. कारखान्यात सगळे तिला लॅबबाई म्हणतात. तिने मला कागद दिला आणि मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाली, “सातवी ओळ बघा.” एवढंच.

मी बाहेरच्या व्हरांड्यात उभी राहून बघितली. गव्हाचं पीठ, साखर, पाम तेल, काजू, पिष्ट, सोया लेसिथिन, म्हणजे तोच ३२२. आणि सातवी ओळ: व्हे पावडर, क्रीममध्ये. एक पूर्णांक आठ टक्के. तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

व्हे म्हणजे दूध नासवल्यावर, चीज काढल्यावर उरतं ते पाणी. वाळवून पावडर करतात. दूधच ते. आणि आमच्या पाकिटावर, या देशातल्या प्रत्येक दुकानातल्या पाकिटावर, छापलं होतं: ‘कदाचित दुधाचा अंश असू शकतो.’ जुन्या पाककृतीत दूध नव्हतं. बाजूच्या यंत्रावर दुधाची बिस्किटं होत, त्यांचा कण उडून येऊ शकेल म्हणून ते वाक्य घातलं होतं. पाककृती बदलली तेव्हा वाक्य बदललं नाही. बदलाची सूचना माझ्या टेबलावर आलीच नव्हती. ती का आली नाही, हे मला पुढे कळलं. जुन्या वेष्टनांचे रोल गोदामात पडून होते, ते संपेपर्यंत कोणाला काही बोलायचं नव्हतं.

वहिनीने कागद पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

“तिकडे दोन वेगळी वाक्यं आहेत,” ती म्हणाली. “वस्तूत घातलंय, तर ‘मी’. चुकून मिसळू शकतं, तर ‘आत् मी’. मधलं काही नाही.”

मला हसू आलं. आमच्या मुलींचा हा जुना विनोद होता. थाईत मी म्हणजे ‘आहे’, आणि आत् मी म्हणजे ‘असू शकतं’. धाकटी कपाटात लपून ओरडायची, आत मी, आत मी. पण वहिनी हसली नाही. तिने स्वच्छ अक्षरात ओळ लिहिली. अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी माहिती: ‘मी’. मग गव्हाचं पीठ, सोयाबीन, काजू, दूध. दुधाला तिकडे नोम म्हणतात. दोन अक्षरं. लहान पोरालाही वाचता येतील.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मीही गेले. साहेब वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात त्यांनी दोन महिने माझी सही स्वतः सांभाळली होती. त्यांनी वहिनीला बसायला सांगितलं, पाणी दिलं, कामाचं कौतुक केलं. काजूचा शब्द बदलला ते उत्तमच झालं म्हणाले. ओळ मोडली होती ती डिझायनर सरळ करेल. फक्त एक गोष्ट. मूळ लेबलावर ‘असू शकतो’ आहे आणि तुम्ही ‘आहे’ केलंय. भाषांतर मुळाला धरून हवं ना?

वहिनी म्हणाली, मूळ लेबल बदला, मी त्याला धरून करते.

साहेबांनी समजावून सांगितलं, आणि ते समजावताना त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. थाई लेबलावर ‘दूध आहे’ छापलं, की तोच कागद उद्या इथल्या लेबलासमोर धरला जाईल. एकच बिस्किट, एकच कारखाना, एकीकडे ‘आहे’ आणि दुसरीकडे ‘कदाचित’. मग आठ महिन्यांचा माल बाजारातून मागे घ्यायची वेळ येईल. त्यापेक्षा दोन्हीकडे ‘कदाचित’ राहू दे. ज्याला दूध सोसत नाही तो ‘कदाचित’ वाचूनही खात नाही. परिणाम तोच.

“तोच नाही,” वहिनी म्हणाली. “रुग्णालयात मी ताटांच्या चिठ्ठ्या लिहायचे. ‘कदाचित’ सगळ्या पाकिटांवर असतं, म्हणून लोक ते वाचणं सोडतात. ‘आहे’ वाचणं कोणी सोडत नाही.”

“वहिनी, तुमचं काम शब्दांचं. आत काय आहे ते आमचं काम.”

“मग शब्द माझे आहेत. ते खोटे मी लिहिणार नाही. तुमची चूक तुमच्या भाषेत आहे. ती माझ्या भाषेत मी माझ्या हाताने नेणार नाही.”

ती उठली. खुर्ची नीट आत सरकवली. पाण्याचा पेला तसाच भरलेला होता.

संध्याकाळी मी दादाकडे गेले. वादळ आधीच तिथे पोचलं होतं. दादा त्याच कारखान्यात माल रवाना करण्याच्या खात्यात होता आणि त्याला खातेप्रमुख करायचं चाललं होतं. साहेबांनी त्याला दुपारी बोलावून फक्त एवढंच म्हटलं होतं की घरातल्या घरात बघा जरा. दादाने घरात बघायला सुरुवात केली होती. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, दोन अक्षरांसाठी सगळ्यांचं नुकसान कशाला, तुला काय पडलंय, सही साहेबांच्या जबाबदारीवर कर. आई कोपऱ्यात लसूण सोलत ऐकत होती आणि कोणाची बाजू घ्यावी ते तिचं ठरत नव्हतं.

वहिनी कणीक मळत होती. बोलणं संपेपर्यंत मळत राहिली.

“अहो, एक सांगा,” ती म्हणाली. “पत्रावर नाव कोणाचं?”

“तुझं.”

“मग जबाबदारी साहेबांची कशी?”

दादा म्हणाला की ती अडेलतट्टू आहे. ती म्हणाली की हा शब्द मला आईंनी पहिल्या महिन्यातच शिकवला. आईने लसणाची पाकळी हातात धरूनच मान वर केली आणि म्हणाली, शिकवला होता खरा, पण तेव्हा भाजीत मीठ किती त्यावरून. दादाला तेवढ्यात हसू आलं आणि ते लपवायला तो बाहेर गेला. तो त्या रात्री आणि पुढे दोन आठवडे तिच्याशी कामापुरतंच बोलला. ती मात्र रोज त्याचा डबा भरत होती, आणि रोज त्याला सांगत होती की मी सही करणार नाही. त्याने न विचारता.

आठ दिवसांनी छपाईवाल्याकडून नमुना आला. माझ्या टेबलावर. मी नेहमीसारखी पट्टी घेऊन बसले. यादी जागेवर होती, प्रमाणं होती, काजू आपल्या लांबलचक नावानिशी उभा होता. खालची ओळ मी अक्षर अक्षर लावून वाचली. ‘मी’ होता. पण तो दुधाच्या आधी संपला होता. ‘मी: गव्हाचं पीठ, सोयाबीन, काजू.’ त्याखाली नवी ओळ, ‘आत् मी: दूध.’ आणि सोबतच्या पत्राच्या मसुद्यावर, भाषांतरकार म्हणून, वहिनीचं नाव टाइप केलेलं. सहीची जागा रिकामी.

मी बराच वेळ ती ओळ बघत बसले. मला वहिनीचा राग आठवला नाही. मला एक वाक्य आठवलं. माझंच.

साडेसहा महिन्यांपूर्वी एका बाईंचं पत्र आलं होतं. त्यांच्या चार वर्षांच्या मुलीला दूध चालत नाही. हेच बिस्किट ती वर्षभर खात होती, कधी काही झालं नाही. मग एका दुपारी दोन बिस्किटं खाल्ली आणि तिचे ओठ सुजले, श्वास लागला, तिला रुग्णालयात न्यावं लागलं. बाईंनी विचारलं होतं, बिस्किटात काही बदललंय का? ते पत्र माझ्याकडे आलं होतं, लेबल माझं म्हणून. मी उत्तर लिहिलं होतं: ‘आमच्या वेष्टनावर दुधासंबंधीचा इशारा स्पष्ट छापलेला आहे.’ साहेबांनी ते वाचून शाबास म्हटलं होतं. नेमकं आणि सभ्य, म्हणाले होते. मीही तेव्हा खूश झाले होते.

मी लॅबबाईकडे गेले. तिला विचारलं, पाककृती बदलली तेव्हा तुम्ही कोणाला कळवलं होतं? तिने संगणकावर एक पत्र उघडून दाखवलं. तिने साहेबांना लिहिलं होतं, दोनदा. दुसऱ्या पत्राला उत्तर होतं: रोल संपल्यावर बघू. ती म्हणाली, मी दोनदा लिहिलं आणि मग गप्प बसले, ते माझं चुकलं. मी म्हटलं, मी तर लिहिलंही, आणि उलटं लिहिलं.

नमुन्याच्या खाली मंजूर आणि नामंजूर असे दोन चौकोन असतात. सतरा वर्षांत दुसऱ्या चौकोनात मी खूण केली होती ती रंगाच्या छटेसाठी, नाहीतर वाकड्या बारकोडसाठी. त्या दिवशी मी खूण केली आणि कारणाच्या ओळीत लिहिलं: ‘दूध आहे. “कदाचित” नाही.’

साहेबांनी नमुना पाहिला आणि बाजूला ठेवला. त्यांनी वेगळा रस्ता घेतला. आयातदाराशी दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओवर बोलणं ठरलं होतं, त्यात दुभाषी म्हणून वहिनी आधीपासून ठरलेली होती. ते त्यांनी बदललं नाही. वेळही नव्हता, आणि मला वाटतं, माणसं बसलेली असताना ती ऐकेल असा त्यांचा अंदाज होता.

बैठकीच्या खोलीत आम्ही पाचजण होतो. कारखान्याचे मालक पहिल्यांदाच आले होते, निर्यात सुरू होतेय म्हणून. लॅबबाई आली होती, कारण तांत्रिक प्रश्न निघतील. पडद्यावर तिकडची एक बाई होती, चष्मा लावलेली, समोर कागदांचा गठ्ठा. आयातीची कागदपत्रं तीच बघायची. प्रमाणांसाठी लॅबने पाठवलेली पाककृती आणि साहेबांनी पाठवलेला लेबलाचा मसुदा तिच्याकडे आधीच पोचले होते. हवामान, तब्येत वगैरे झाल्यावर तिने एक कागद उचलला आणि बोलली. वहिनीने आमच्यासाठी सांगितलं: तुम्ही पाठवलेल्या पाककृतीत व्हे पावडर आहे. लेबलाच्या मसुद्यात दूध ‘असू शकतं’ लिहिलंय. हे दोन्ही कागद मला एकत्र दाखल करायचे आहेत. कोणता बरोबर?

साहेबांनी घसा खाकरला. “सांगा त्यांना, की शेजारच्या यंत्रामुळे मिसळण्याचा धोका आहे, म्हणून तसं लिहिलंय. पाककृतीचा कागद जुना आहे.”

वहिनीने ते जसंच्या तसं थाईत सांगितलं. एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. मला समजेल इतपत मी ऐकत होते. मला वाटलं, हरली.

मग ती मालकांकडे वळली.

“आत्तापर्यंत मी दुसऱ्यांचं बोलणं सांगत होते, ते माझं काम,” ती म्हणाली. “आता जे बोलते ते माझं. मी जी ओळ लिहिली त्यात ‘दूध आहे’ असं होतं. ती बदलून खाली माझं नाव ठेवलंय. त्या लेबलाचं पत्र मी देणार नाही, आज नाही, नंतरही नाही. हेच मी आता त्यांना थाईतही सांगणार आहे. नको असेल तर फोन बंद करा.”

फोन बंद करायला कोणी हात पुढे केला नाही. तिने तेच थाईत सांगितलं. सावकाश, नमस्काराच्या सभ्य शब्दांसकट. पडद्यावरच्या बाईने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

साहेब म्हणाले की या बाहेरच्या बाई आहेत, यांना कारखान्यातलं माहीत नाही.

“पाककृतीचा कागद जुना नाही,” लॅबबाई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की मालकांनी तिला परत बोलायला लावलं. ती परत बोलली. “आठ महिने आपण हेच बनवतोय. मी लेखी कळवलंय.”

ताकाला जाऊन भांडं लपवायचे दिवस माझेही संपले होते. मी त्या मुलीच्या आईचं पत्र आणि माझं उत्तर, दोन्हींच्या प्रती मालकांसमोर ठेवल्या. त्यांनी आधी पत्र वाचलं. मग उत्तर वाचलं. मग विचारलं, हे कोणी लिहिलं?

“मी,” मी म्हटलं. “आणि हे खोटं आहे. मला तेव्हा माहीत नव्हतं, पण मी विचारलंही नव्हतं.”

मालकांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले. मग वहिनीला म्हणाले, त्यांना सांगा, दुरुस्त लेबल आणि सहीचा पाककृतीचा कागद या आठवड्यात येईल. मग म्हणाले, आणि इथल्या बाजाराचं आम्ही बघतो, ते सांगायची गरज नाही. वहिनीने पहिलं वाक्य सांगितलं. दुसऱ्यावर तिने मालकांकडे पाहिलं आणि विचारलं, “बघतो म्हणजे काय करता?” हे मात्र तिने मराठीत, आमच्यासाठी विचारलं. मालकांना उत्तर द्यावं लागलं.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. कंटेनर पाच आठवडे उशिरा निघाला. इथला माल दुकानांतून परत मागवला, सूचना वर्तमानपत्रात छापली, जुने रोल कापून टाकले. त्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी कोणी बसत नव्हतं. परत आलेली खोकी उतरवणाऱ्या माणसांनी मला ऐकू येईल असं बोलून घेतलं. दादाचं पद दुसऱ्याला मिळालं. साहेब निर्यातीतच राहिले, फक्त लेबलाच्या कागदावर आता त्यांच्या आधी लॅबबाईची सही लागते. मला त्यांनी एकदा जिन्यात थांबवून विचारलं, सतरा वर्षांत मी तुमचं काय वाईट केलं होतं? मी म्हटलं, काहीच नाही साहेब, आणि त्या मुलीनेही नव्हतं केलं. ते वर गेले, मी खाली.

त्या बाईंना मी नवं पत्र लिहिलं. मालकांच्या वकिलाने त्यातली दोन वाक्यं काढायला सांगितली. मी एक काढलं. दुसरं होतं, ‘तुम्ही विचारलेला प्रश्न योग्य होता आणि माझं उत्तर चुकीचं होतं.’ ते नको असेल तर सही दुसऱ्याची घ्या, म्हटलं. ते राहिलं.

दादाचा अबोला कसा संपला ते मला माहीत नाही. नवरा-बायकोचं मधलं कोणी पाहिलंय? पण एका रविवारी मी गेले तेव्हा तो मुलींना वाण्याकडून आणलेली पाकिटं उलटी करून मागचं वाचायला शिकवत होता, आणि प्रत्येक ‘असू शकतं’ला धाकटी नाक मुरडत होती.

त्याच दुपारी नव्या लेबलाचा नमुना माझ्या पिशवीत होता. आम्ही दोघींनी तो टेबलावर पसरला. वहिनीने खिडकी पूर्ण उघडली. ‘मी’च्या पुढे चारही नावं नीट होती. ओळ जिथे मोडायला हवी तिथेच मोडली होती. स्वरांच्या डोक्यावरच्या बारीक खुणाही, ज्या आधी वरच्या ओळीत घुसून कापल्या जात होत्या, आता सुट्या होत्या. मी पट्टी लावून अक्षराची उंची मोजली. ठीक होती. मला वाटलं, झालं एकदाचं. पेनाचं टोपण काढलं.

नमुना पारदर्शक कागदावर छापलेला होता. वहिनीने तो उचलला, माझ्या पिशवीतल्या चंदेरी वेष्टनाच्या तुकड्यावर ठेवला आणि दोन्ही उजेडात तिरकं केलं. अ‍ॅलर्जीची ओळ राखाडी रंगात होती. चंदेरीवर राखाडी. तिरकं केलं की ओळ नाहीशी व्हायची.

“हे कोणाला दिसणार?” ती म्हणाली.

मी म्हटलं, वहिनी, साहेब आता जीव घेतील माझा. सोमवारी छपाई आहे.

“घेऊ देत,” ती म्हणाली, आणि नामंजूरच्या चौकोनावर बोट ठेवलं. “काळा रंग म्हणून लिही. जाड काळा.”

मी लिहिलं.